दुधाचं बिल लांबलं, तर उत्पादकांना जाणारी सूचना कशी नीट करायची

घाटावरच्या एका दूध संघाच्या मुंबई कार्यालयात मी काम करते. परळच्या आमच्या त्या दोन खोल्यांतून वितरकांचा हिशेब चालतो, आणि संघाचं जे काही छापून बाहेर जायचं असतं ते एकदा माझ्या टेबलावरून जातं. जानेवारी 2025 मध्ये मुख्य कार्यालयातून एक मसुदा आला. सोबत निरोप होता, ‘शुद्धलेखन बघून आजच परत पाठवा.’ मसुदा असा होता:

> सर्व संलग्न दूध संस्था व दूध उत्पादक सभासद यांना कळविण्यात येते की, मुंबई बाजारपेठेतील मागणीत झालेली घट व काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव दि. 11/01/2025 ते दि. 20/01/2025 या कालावधीतील दूध बिलाची अदायगी विहित वेळेत करणे शक्य झालेले नाही. सदर बिलापोटी 60 टक्के रक्कम लवकरच व उर्वरित रक्कम दि. 08/02/2025 रोजी अदा करण्यात येईल. तरी सर्वांनी सहकार्य करावे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.

शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. तरी ही सूचना तशीच फलकावर लागली असती, तर दुसऱ्या दिवशी पहाटे प्रत्येक संस्थेच्या सचिवाला शंभर माणसांनी तेच चार प्रश्न विचारले असते आणि त्याला एकाचंही उत्तर देता आलं नसतं. ही सूचना आम्ही कशी दुरुस्त केली ते क्रमाने सांगते. तुमच्या संघात किंवा संस्थेत कारण वेगळं असेल, तारखा वेगळ्या असतील. कामाचा क्रम हाच ठेवा.

आधी लेखापालाला फोन, मग पेन

सूचनेची भाषा अवघड होते तेव्हा बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला आतली माहिती पुरी नसते. ‘लवकरच’ हा शब्द तारीख माहीत नसली की येतो. म्हणून वाक्याला हात लावण्याआधी लेखा विभागाकडून चार गोष्टी कागदावर घ्या: कोणत्या दहा दिवसांचं बिल अडकलंय, ते एरवी कोणत्या तारखेला मिळतं, आता कोणत्या तारखेला मिळेल, आणि ती नवी तारीख कशाच्या भरवशावर दिली आहे. चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि सगळ्यात जास्त उपयोगी तोच पडतो.

आमच्याकडे बिल दहा दिवसांचं असतं: 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 ते महिनाअखेर. दहा दिवस संपल्यावर साधारण सातव्या दिवशी पैसे मिळतात. म्हणजे 11 ते 20 जानेवारीचं बिल 27 तारखेला अपेक्षित होतं. मसुद्यात ही 27 तारीखच नव्हती. उत्पादक मात्र तीच तारीख डोक्यात धरून बसलेला असतो. दुकानदाराला, बचत गटाला त्याने तीच सांगितलेली असते. म्हणून सूचनेत आधी ‘27 तारखेला बिल मिळणार नाही’ हे स्पष्ट यायला हवं, नवी तारीख त्यानंतर.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: पुढच्या बिलांचं काय? मसुदा एकाच बिलाबद्दल बोलत होता. लेखापाल फोनवर म्हणाले, ‘ताई, त्याच्या पुढची दोन बिलंही आठवडाभर मागेपुढे होणार.’ हे आज सांगितलं नाही, तर दहा दिवसांनी दुसरी सूचना लावावी लागते, मग तिसरी, आणि तिसऱ्या सूचनेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

कारण खरं आहे का, ते तपासा

मसुद्यात पहिलं कारण दिलं होतं ‘मुंबई बाजारपेठेतील मागणीत झालेली घट’. मी मुंबईतच बसते. रोज रात्री टँकर किती आले, पॅकिंगला किती गेलं, पहाटे कोणत्या लाइनवर किती क्रेट उतरले, याचा तक्ता माझ्यासमोर असतो. जानेवारीत पिशवीविक्री घटलेली नव्हती, वितरकांचे पैसेही नेहमीसारखे येत होते. मग हे कारण आलं कुठून? ‘मुंबईमुळे’ म्हटलं की विषय संपतो, अशी एक जुनी सवय आहे. पण आमच्या उत्पादकांपैकी बहुतेकांच्या घरचं कुणी ना कुणी लालबागला, भांडुपला, नालासोपाऱ्याला आहे. तो मुलाला फोन करून विचारतो, आणि मुलगा सांगतो की दुकानात आपल्याच संघाची पिशवी मिळतेय, भावही तोच आहे. त्या क्षणी अख्खी सूचना खोटी ठरते, त्यातल्या खऱ्या तारखांसकट.

दुसरं कारण ‘अपरिहार्य तांत्रिक कारण’. तांत्रिक म्हटलं की लोक बँकेचा सर्व्हर समजतात आणि दोन दिवस वाट बघतात. आमच्याकडे तसं काही नव्हतं.

खरं कारण विचारत गेल्यावर असं निघालं. थंडीत दूध वाढतं. आपण त्याला पुष्ट काळ म्हणतो. डिसेंबरपासून रोज साधारण 40 हजार लिटर दूध पिशवीविक्रीपेक्षा जास्त येत होतं. संघाने ते नाकारलं नाही, भुकटी करायला पाठवलं. पिशवीतल्या दुधाचे पैसे काही दिवसांत हातात येतात. भुकटीचं तसं नसतं. 100 लिटर गाईच्या दुधापासून साडेआठ ते नऊ किलो भुकटी निघते आणि ती गिऱ्हाईक मिळेपर्यंत गोदामात राहते. 45 दिवसांत 18 लाख लिटर दूध असं वळवलं, म्हणजे सुमारे 150 टन भुकटी झाली. त्या दुधाचे पैसे उत्पादकांना आधीच वेळेवर दिलेले होते. संघाकडची खेळती रक्कम भुकटीच्या पोत्यांत अडकली आणि त्याचा फटका 11 ते 20 जानेवारीच्या बिलाला बसला.

हे सांगायला संघाला संकोच वाटत होता. मला उलट वाटलं: उत्पादकाला हे सहज कळतं. त्याच्या गोठ्यात दूध वाढलंय हे त्याला माहीत आहे, आणि संघाने ते परत पाठवलं नाही हेही माहीत आहे. फक्त दोन-तीन वाक्यांत सांगा. एसएनएफ, साठवण खर्च, जागतिक बाजारभाव हे सगळं सूचनेत नको, ते सभेत बोलता येईल.

इथे चौथ्या प्रश्नाचं उत्तर कामी येतं. भुकटी विकण्याचा करार झाला होता आणि खरेदीदाराकडून 5 फेब्रुवारीपर्यंत पैसे येणं ठरलं होतं. म्हणजे ‘करार झाला आहे’ हे लिहिता येतं, ‘भुकटी विकली गेली, पैसे आले’ हे लिहिता येत नाही. करार झालेला नसता, तर कराराचा उल्लेखही करता आला नसता. कारणाच्या वाक्यात क्रियापदाचा काळ चुकला, तर वचन दिल्यासारखं होतं.

तारीख कुणाची, हे ठरवा

या सूचनांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. संघ पैसे पाठवतो संस्थेच्या खात्यात, संस्था पाठवते उत्पादकाच्या खात्यात, आणि काही लहान संस्था अजूनही रोख देतात. मसुद्यातली 8 फेब्रुवारी ही संघ पैसे सोडणार ती तारीख होती. उत्पादक ती वाचतो हातात पैसे मिळण्याची तारीख म्हणून.

त्यात 8 फेब्रुवारी 2025 हा दुसरा शनिवार. बँका बंद. 9 ला रविवार. एनईएफटी चोवीस तास चालते हे खरं, पण संस्थेच्या सचिवाला उत्पादकांची यादी घेऊन शाखेत जावं लागत असेल, तर शाखा उघडी लागते. म्हणून आम्ही लेखापालांशी बोलून तारीख उलटी मोजली. उत्पादकाच्या खात्यात सोमवारी, 10 तारखेला पैसे हवेत, तर संघाने ते संस्थेला शुक्रवारी, 7 तारखेला द्यायला हवेत. खरेदीदाराचे पैसे 5 ला येणार, म्हणजे मध्ये दोन दिवस मोकळे राहतात. सूचनेत फक्त 10 तारीख लिहिली. 7 तारीख सचिवांच्या वेगळ्या पत्रात गेली.

तुम्ही तारखा ठरवाल तेव्हा दिनदर्शिका समोर घ्या. त्याच वेळापत्रकात 1 ते 10 फेब्रुवारीचं बिल ‘19 ला’ असं आलं होतं. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी, म्हणून ते 20 केलं. तारखेसोबत वार लिहा. वार लिहायला लागलं की अशा चुका आपोआप पकडल्या जातात, आणि गावात लोकांच्या लक्षात वारच राहतो.

‘60 टक्के’ म्हणजे नेमके किती रुपये

हा भाग मला स्वतःला उदाहरण सोडवून बघेपर्यंत कळला नव्हता. समजा एक उत्पादक रोज दोन्ही वेळचं मिळून 15 लिटर दूध घालतो आणि सोपं पडावं म्हणून दर 30 रुपये धरू. दहा दिवसांचे 150 लिटर, बिल 4,500 रुपये. त्याने संस्थेतून पशुखाद्याचं एक पोतं उचललंय, त्याची कपात 1,500 रुपये. एरवी त्याच्या हातात 3,000 येतात.

आता ‘60 टक्के रक्कम देण्यात येईल’ याचे तीन अर्थ होतात. पूर्ण बिलाचे 60 टक्के आणि कपात नंतर, असं धरलं तर पहिल्या हप्त्याला 2,700 मिळतात. कपात वजा करून उरलेल्याचे 60 टक्के धरले तर 1,800. आणि 2,700 मधून अख्खी कपात लगेच केली तर 1,200. वाक्य तेच, माणूस तोच, आणि हातात येणाऱ्या रकमेत दीड हजारांचा फरक. सूचनेत हे सांगितलं नाही, तर एक संस्था एक अर्थ लावते आणि शेजारच्या गावची दुसरा. मग ‘त्यांना जास्त का मिळाले’ यावरून भांडण होतं, ज्यात संघाचा काही वाईट हेतू नसतो.

हे लिहिणाऱ्याने ठरवायचं नसतं. मी तीनही आकडे कागदावर मांडून कार्यकारी संचालकांना पाठवले आणि विचारलं, यातलं कुठलं? संध्याकाळी निर्णय आला: पूर्ण बिलाचे 60 टक्के आधी, कपात दुसऱ्या हप्त्यातून. त्यावर मी आणखी एक बघितलं. रोज दहा लिटर घालणाऱ्याचा दुसरा हप्ता 1,200 येतो आणि कपात 1,500 आहे. म्हणजे 300 उरतात. ते पुढच्या बिलातून कापायचे, हेही एका वाक्यात लिहावं लागलं. हा सगळ्यात लहान उत्पादक असतो आणि सगळ्यात जास्त घाबरतोही तोच, म्हणून त्याच्यासाठीचं वाक्य गाळू नका.

उशिराबद्दल व्याज देणार, दर कमी होणार नाही, अशी वाक्यं लिहायचा मोह होतो. संचालक मंडळाचा ठराव असेल तरच लिहा. ठराव नसताना छापलेलं वाक्य पुढे वार्षिक सभेत वाचून दाखवलं जातं.

अनुदान वेगळं, बिल वेगळं

गाईच्या दुधाला 2024 मध्ये शासनाने लिटरमागे 5 रुपये आणि पुढे 7 रुपये अनुदान जाहीर केलं. ते शासनाकडून थेट उत्पादकाच्या खात्यात यायचं, त्यासाठी जनावराच्या कानातला बिल्ला आणि आधार जोडलेलं खातं लागायचं. उत्पादकाच्या बोलण्यात मात्र दोन्हीला ‘दुधाचे पैसे’च म्हणतात. ज्याचं अनुदान रखडलंय तो ही सूचना वाचून समजतो की तेही 10 फेब्रुवारीला मिळणार. म्हणून एक ओळ लागतेच: ही सूचना दूध बिलाची आहे, अनुदानाची नाही. म्हशीचं दूध घालणाऱ्यालाही ही सूचना लागू आहे का, हेही स्पष्ट करा. आमच्याकडे दोन्हींना लागू होती.

आता वाक्यं

माहिती पुरी झाली की भाषेचं काम अर्ध्या तासाचं उरतं. ‘अदायगी’, ‘विहित वेळेत’, ‘सदर बिलापोटी’ हे शब्द काढले, कारण संकलन केंद्रावर कुणी असं बोलत नाही. ‘बिल’, ‘हप्ता’, ‘कपात’ हे शब्द ठेवले, कारण तेच बोलले जातात. ‘शक्य झालेले नाही’ ऐवजी कोण देऊ शकत नाही ते लिहिलं: संघ. ‘तरी सर्वांनी सहकार्य करावे’ हे वाक्य मी प्रत्येक वेळी काढते. पैसे ज्याचे अडकलेत त्याला सहकार्य कर म्हणून सांगायचं नसतं. दिलगिरी ठेवावी, पण ती ‘व्यक्त करण्यात येत आहे’ अशी नसावी. कुणीतरी ती स्वतः मागावी.

प्रमाण लेखी रूप ठेवलं, ‘चे, ले’ असं. फलकावर संघाच्या नावाने लागणाऱ्या कागदाला ते शोभतं आणि मोठ्याने वाचायला अडत नाही. शेवटी सूचना अशी झाली:

> दूध बिलाच्या तारखांत बदल
>
> 11 ते 20 जानेवारीचे दूध बिल सोमवार, 27 जानेवारीला मिळणार नाही. ते दोन हप्त्यांत तुमच्या खात्यात जमा होईल किंवा संस्थेत रोख मिळेल:
>
> पहिला हप्ता, पूर्ण बिलाच्या 60 टक्के: शुक्रवार, 31 जानेवारी
> दुसरा हप्ता, उरलेले 40 टक्के: सोमवार, 10 फेब्रुवारी
>
> पुढची बिले:
> 21 ते 31 जानेवारी, पूर्ण बिल: शुक्रवार, 14 फेब्रुवारी
> 1 ते 10 फेब्रुवारी, पूर्ण बिल: गुरुवार, 20 फेब्रुवारी
> 11 ते 20 फेब्रुवारीपासून बिल नेहमीच्या तारखेला, म्हणजे गुरुवार, 27 फेब्रुवारीला मिळेल.
>
> कपात: 11 ते 20 जानेवारीच्या बिलातील पशुखाद्य व इतर कपात पहिल्या हप्त्यातून होणार नाही, दुसऱ्या हप्त्यातून होईल. दुसरा हप्ता कमी पडल्यास उरलेली कपात पुढच्या बिलातून होईल.
>
> कारण: डिसेंबरपासून दूध वाढले. विक्रीपेक्षा जास्त आलेले दूध संघाने परत न पाठवता त्याची भुकटी केली. सुमारे 150 टन भुकटी गोदामात आहे आणि त्यात संघाची रक्कम अडकली आहे. भुकटी विक्रीचा करार झाला असून खरेदीदाराने 5 फेब्रुवारीपर्यंत पैसे द्यायचे आहेत. ते लांबले तर 6 फेब्रुवारीला याच फलकावर कळवू.
>
> ही सूचना गाय व म्हैस दोन्हींच्या दूध बिलाची आहे. शासनाच्या अनुदानाचा तिच्याशी संबंध नाही.
>
> तुमचा नेमका आकडा संस्थेच्या सचिवांकडे मिळेल. बिल वेळेवर देता आले नाही याबद्दल संघ तुमची माफी मागतो.
>
> कार्यकारी संचालक
> जावक क्रमांक व दिनांक

6 फेब्रुवारीच्या ओळीवर बरीच चर्चा झाली. संघातल्या काहींना वाटलं, यामुळे शंका येईल. पण तारीख दुसऱ्याच्या पैशांवर अवलंबून असताना ते लपवलं आणि तारीख चुकली, तर संघ दुसऱ्यांदा चुकलेला दिसतो. ओळ राहिली.

सचिवाला वाचून दाखवा

पाठवण्याआधी मी एका संस्थेच्या सचिवांना फोन केला आणि त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगितलं. वाचून झाल्यावर म्हटलं, ‘दादा, आता मी उत्पादक आहे. माझं काय होणार ते सांगा.’ ते तारखांपर्यंत नीट आले. मग थांबले आणि म्हणाले, ‘ताई, आमच्याकडे सोसायटीच्या कर्जाचा हप्ता पण बिलातून कापतात. तो इतर कपातीत धरायचा का?’ उत्तर होतं हो. पण ‘इतर’ या शब्दात ते दिसत नव्हतं. वाक्य बदलून ‘पशुखाद्य, उचल, कर्जाचा हप्ता अशी सर्व कपात’ असं केलं. एवढ्या एका फोनने ही अडचण निघाली. कार्यालयातल्या आम्हा चौघांपैकी कुणालाही ती दिसली नव्हती.

फोन लहान संस्थेच्या सचिवाला करा. मोठ्या संस्थेतला माणूस संघाची भाषा जाणतो, तो मनातल्या मनात चूक दुरुस्त करून वाचतो.

फलक, व्हॉट्सॲप, एसएमएस

फलकावरचा कागद पहाटे साडेपाचला, एका दिव्याच्या उजेडात, हातात किटली असताना वाचला जातो. ए-3 कागद घ्या, तारखांचा भाग सगळ्यात मोठ्या अक्षरात आणि वरच्या अर्ध्यात ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटोसोबत मजकूरही पाठवा, म्हणजे तो कॉपी करून पुढे जातो आणि कुणी ऐकीव तारीख टाइप करत नाही.

एसएमएसचा हिशेब वेगळा असतो. देवनागरीत एका एसएमएसला 70 अक्षरंच मिळतात, आणि काना-मात्रा सुटे मोजले जातात. संघांकडून जाणाऱ्या बल्क एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून मंजूरही करून घ्यावा लागतो, म्हणून तो शेवटच्या दिवसावर ठेवू नका. त्यात कारण कोंबू नका. आमचा असा होता:

> 11-20 जाने. बिल: 60% शुक्र 31 जाने., 40% सोम 10 फेब्रु. फलक पाहा.

सचिवांना वेगळं पत्र गेलं. त्यात संघ कोणत्या तारखेला रक्कम सोडणार, कपातीची नोंद कशी करायची आणि 15 लिटरवाल्या उत्पादकाचं वर सोडवलेलं उदाहरण होतं. अनेक सचिवांनी ते उदाहरण फाडून काउंटरच्या काचेला लावलं, असं नंतर कळलं.

खरेदीदाराचे पैसे 5 तारखेला आले. तरी 6 तारखेला फलकावर एक ओळ लावायला आम्ही सांगितलंच: ‘भुकटीचे पैसे आले आहेत, दुसरा हप्ता सोमवारी, 10 फेब्रुवारीलाच मिळेल.’ कारण त्या दिवशी फलकावर काहीतरी येणार असं आपण लिहिलेलं होतं, आणि लोक ते बघायला येणार होते.